आ वासलेले मासे

थोरलीला कुणाचं कौतुक करायचं झालं तर आधी पोटात चहा लागायचा. तिरस्कार मात्र तिला उपाशीपोटीही जमायचा. सकाळी दार उघडून ती धक्क्याकडे नजर टाकायची आणि चूळ भरायच्या आत दोघा-तिघांचा पाणउतारा उरकून मोकळी व्हायची. बर्फवाला ऐदी, डिझेलवाला चोर, आणि या दोघांच्या दारात रांग लावणारे नाववाले म्हणजे मेंढरं. तिच्या तोंडी लागायला कुणी जात नसे. जो जायचा त्याला वस्तीत एखादं नवं नाव चिकटायचं, आणि ते मरेपर्यंत सुटायचं नाही.

ती थोरल्या भावाची बायको, म्हणून थोरली. नवरा नावांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि त्याने आपल्या वाटणीचं बोलणंसुद्धा तिलाच देऊन टाकलं होतं. शेजारच्या दोन खोल्यांत दीर आणि जाऊ राहत, त्यांना सगळे धाकटा आणि धाकटी म्हणत. मधली भिंत अर्ध्या विटेची होती. थोरलीने आपल्या चुलीपाशी उभं राहून दिराबद्दल जे म्हणायचं ते पलीकडे ताटावर बसल्या बसल्या ऐकू जायचं, आणि ती भिंत जाड करण्याचा विषय निघाला की थोरलीच नको म्हणायची.

खाडीच्या तोंडाशी मासळी कमी होत गेली, तेव्हा शेवाळाची शेती आली. खात्याचा साहेब जीपमधून उतरला, बुटात वाळू गेली म्हणून आधी बूट झटकले आणि मग बायकांना सांगायला लागला की समुद्रात शेवाळ लावा. थोरली पोट धरून हसली. "आज शेवाळ पेरा म्हणतोय, उद्या लाटा नांगरायला सांगेल," ती म्हणाली. साहेबाने हसण्याचा प्रयत्न केला. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं तिला एका नजरेत ओळखू यायची. पण त्या हंगामात पहिला दोर तिनेच लावला. दुसऱ्या कुणाला आधी जमलं असतं तर तिला अन्न गोड लागलं नसतं.

आणि काम तिला आवडलं, हेही सांगायला हवं. छपरीत पाय पसरून बसायचं, शेवाळाचे मुठीएवढे तुकडे प्लास्टिकच्या पट्ट्यांनी दोराला वीत-वीतभर अंतराने बांधायचे, ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात जाऊन ते दोर खुंटांमध्ये ताणायचे. वरून माती नको, खत नको, गोडं पाणी नको. महिना-दीड महिन्यात मुठीचं टोपलं होतं. थोडं बियाण्याला ठेवायचं, बाकी मांडवावर वाळवायचं. वाळल्यावर दहा टोपल्यांचं जेमतेम एक उरतं, तेव्हा नव्या बायकांचा चेहरा बघण्यासारखा होतो. व्यापारी ते कारखान्याला देतो, तिथे शिजवून त्याची खळ काढतात, आणि ती आइस्क्रीमपासून दात घासायच्या पेस्टपर्यंत कशातही जाते. वस्तीतल्या बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःची कमाई आली. नवऱ्याची नाव रिकामी परतली तरी त्यांना कुणाकडे तोंड वेंगाडावं लागेना. थोरलीने एवढं एकच काम आयुष्यात नावं न ठेवता केलं.

दीर मात्र तिच्या हातात आयताच सापडलेला. त्याने आधी फोटोचं दुकान टाकलं, त्याच्या पडद्यावर रंगवलेला धबधबा अजून त्यांच्या मोरीला आडोसा म्हणून लावलेला आहे. मग कोंबड्या पाळल्या, त्या मेल्या. मग जुना टेम्पो घेतला, तो दारात गंजला आणि त्यात मांजरी व्याली. "माझ्या दिराने शेवटपर्यंत नेलेलं एकच काम, झोप," थोरली धक्क्यावर सांगायची. धाकटा समोर असला तर जरा मोठ्याने सांगायची. तो खाली बघून हसायचा. त्या हसण्याचा तिला जास्तच राग यायचा. उलटून बोलणाऱ्या माणसाची तिला निदान दखल घ्यावीशी वाटे, हा तर ओल्या पोत्यासारखा, मारलं तरी आवाज नाही.

त्याच धाकट्याने चार जणांच्या गटात नाव घालून पिंजरे घेतले. बाकीचे तिघे पहिल्याच पावसाळ्यात पांगले आणि तीन पिंजरे याच्या गळ्यात राहिले. जाड प्लास्टिकच्या पाइपची तरंगती कडी, तिच्यावर उभं राहून चालता येतं, आणि खाली पाण्यात लोंबणारी जाळ्याची मोठी पिशवी. पिशवीत जिताड्याची पिल्लं. थोरली म्हणाली, "कोंबड्या जमिनीवर मेल्या, आता हे पाण्यात मारणार."

पण मासे मेले नाहीत. धाकट्याच्या अंगात कधी नव्हे ती चिकाटी आली. जिताडा मोठा झाला की लहान भावंडांनाच गिळतो, म्हणून दर काही दिवसांनी सगळे उपसून लहान-मोठे वेगळे करावे लागतात. ते तो करायचा, हाताला काटे लागून बोटं सुजेपर्यंत. खाद्य टाकताना कडीवर पाय आपटायचा, मासे वर यायचे. धाकटी त्याच्यासोबत होडीत असायची. शहरात जाऊन मोठ्या बोटीवर खलाशी व्हायचं, दोन-दोन वर्षं घरी यायचं नाही, हा त्याचा दुसरा पर्याय होता, आणि धाकटीने तो ऐकून जेवण सोडलं होतं. एवढी खेप हाताला लागली तर जाणं रद्द, असं नवरा-बायकोत ठरलं होतं. हे थोरलीला अर्ध्या विटेच्या भिंतीतून ठाऊक होतं. सगळं घरच त्या खेपेवर टांगलेलं होतं.

म्हणून तिने टोमणे कमी केले असं कुणाला वाटेल, तर त्याने थोरली पाहिलेली नाही. सुरुवातीला धाकटा खाद्य जपून टाकायचा, तेव्हा ती आपल्या दोरांवरून ओरडायची, "अरे, मासे पाळतोयस की त्यांना उपास शिकवतोयस?" मग त्याने हात सैल सोडला, तर ती म्हणाली, "आता समुद्राला जेवण घालतोय, दानशूर!" हे दुसरं खरं होतं. माशांनी न खाल्लेलं खाद्य आणि त्यांची विष्ठा जाळ्यातून थेट खाली जायची. पिंजऱ्यांखालचा तळ काळा पडला होता. पाय घातला की घोटाभर रुततो आणि सडक्या अंड्यांचा वास वर येतो. थोरली नाकाला पदर लावून सगळ्या बायकांना तो वास दाखवायला घेऊन गेली होती, जणू पाहुण्यांना नवं घर दाखवतेय.

पुढच्या सभेत खात्याच्या साहेबाने याच्यावर तोडगा काढला. फळ्यावर दोन गोल काढून तो म्हणाला, शेवाळाचे दोर पिंजऱ्यांजवळ लावा, माशांची घाण तेच शेवाळाचं खत, पाणीही साफ, पीकही दुप्पट.

"म्हणजे हा घाण करणार आणि मी काढणार," थोरली उभी राहून म्हणाली. "ते लग्न झाल्यापासून चालूच आहे, साहेब. तुम्ही फळा कशाला खराब केलात?"

सभा हसली, धाकटाही हसला. पण थोरलीने घरी येऊन विचार केला आणि पुढच्या लावणीला चार दोर गुपचूप पिंजऱ्यांकडे सरकवले. साहेबाची थट्टा जगाला ऐकवायची, आणि त्याचा सल्ला एकटीने खायचा. शेवाळ असं फोफावलं की तिलाच नवल वाटलं. इतरांचं फिकट तपकिरी, हिचं गडद, जवळपास काळं, हातात धरलं तर जाडजूड. पुढच्या लावणीला तिने आणखी दोर सरकवले, मग आणखी. तिन्ही पिंजऱ्यांच्या भोवती तिच्या दोरांची दाट कुंपणं झाली, होडीला वाट शोधावी लागायची. धाकट्याला तिने विचारलं नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा, आणि हा नागोबा वर फणा काढून बिळवाल्यालाच बोल लावत होता.

व्यापाऱ्याने मात्र दुसऱ्या खेपेला मूठभर शेवाळ कुस्करून मान हलवली. "वहिनी, रंग उत्तम आहे, वजनही आहे. पण कारखान्याने कळवलंय, शिजवल्यावर खळ पातळ येते. फार पोसलेलं आहे हे. जरा उपाशी ठेवलेल्या शेवाळाची खळ घट्ट असते."

"तुमच्या कारखान्याचं भांडं भोकाचं असेल," थोरली म्हणाली. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ती दुसऱ्यांसाठी राखून ठेवायची.

एकदाच धाकटा उलटून बोलला होता. तिने काळ्या तळावरून त्याला सगळ्यांसमोर सोललं, तेव्हा तो हळूच म्हणाला, "वहिनी, तुझ्या दोरांच्या प्लास्टिकच्या पट्ट्या रोज किनाऱ्यावर येतात. आणि तुझं तुटलेलं शेवाळ बाहेरच्या प्रवाळाच्या खडकावर जाऊन रुजलंय. चादर घातल्यासारखं पसरलंय, खालचं प्रवाळ मरतंय. ते बियाणं इथलं नाही ना."

"मग त्या प्रवाळाला तुझा टेम्पो दे, जाईल दुसरीकडे," ती म्हणाली. लोक खो-खो हसले आणि मुद्दा तिथेच बुडाला. तिला मनात ठाऊक होतं की तो खरं बोलला. ते खडक तिने पाहिले होते. पण हशा मिळाल्यावर खरं-खोटं बघायची तिला सवय नव्हती.

या बोलण्याची आणखी एक गंमत होती. धाकट्याला तिचा टोमणा कधीच पुरता कळायचा नाही. राग कळायचा, अर्थ निसटायचा. मग रात्री जेवताना धाकटी त्याला समजावून सांगायची, की वहिनींना असं म्हणायचं होतं, जाळी बदला. वहिनींना तसं म्हणायचं होतं, होडीला भोक पडलंय. थोरलीच्या शिव्यांच्या पोत्यात बहुतेक वेळा मूठभर शहाणपण असायचं. ते निवडून काढायचं काम धाकटीचं.

काढणी आठवड्यावर आली तेव्हा धाकटी माहेरी गेली होती. बहिणीचं बाळंतपण होतं.

ते दिवस भांगाचे होते. भांगाच्या भरतीला जोर नसतो, पाणी आल्यासारखं करतं आणि गेल्यासारखं करतं. त्यात वारा पडलेला, आभाळ चार दिवस झाकलेलं, खाडी डबक्यासारखी. पिंजऱ्यांच्या जाळ्यांवर शेवाळं आणि कालवं चढून भोकं बुजत आली होती. धाकट्याने जाळी बदलली नव्हती, आता काढणीच आहे म्हणून. शेवटी सवय ती सवय. आणि बाहेरून थोरलीच्या दोरांचं दाट कुंपण, जे होतं नव्हतं ते पाणीही अडवून धरणारं.

संध्याकाळी थोरली दोर तपासत होती. मधल्या पिंजऱ्यात तिला मासे दिसले. सगळे वर आले होते. उड्या नाहीत, पळापळ नाही. तोंडं पाण्याच्या पातळीला लावून उघडझाप चाललेली. तिने लहानपणी बादलीत ठेवलेले जिवंत मासे पाहिले होते, पाणी शिळं झालं की ते असंच करतात. दम लागलाय, हे तिला एका क्षणात कळलं. हेही कळलं की पाण्यात हवा कमी पडतेय, आणि रात्री ती आणखी कमी होणार, कारण अंधारात शेवाळही हवा देत नाही, उलट ओढून घेतं. तिचंच शेवाळ.

धाकटा पलीकडच्या कडीवर बसून दोरी वळत होता. थोरलीने तोंड उघडलं. साधं वाक्य होतं: माशांना दम लागलाय, आज काही टाकू नकोस. एवढं म्हणायचं. पण त्या दिराशी साधं वाक्य ती किती वर्षांत बोलली नव्हती. जिभेला जी वाट पाठ होती, ती त्याच वाटेने गेली.

"काय रे दानशूरा," ती ओरडली, "तुझी लेकरं आ वासून बसलीत, आणि तू दोऱ्या वळतोयस? बघ जरा त्यांच्याकडे, बाप म्हणवतोस ना!"

धाकटा दचकून उठला. त्याने माशांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चेहरा एकदम उजळला. त्याने हात वर केला. थोरलीला वाटलं, समजलं याला. ती होडी वळवून घरी आली आणि भिंतीकडे पाठ करून झोपली.

सकाळी धक्क्यावर गलका झाला म्हणून ती गेली. नवराही इंजिनाचं काम टाकून मागोमाग आला. मधला पिंजरा पांढरा दिसत होता. पोटं वर करून मासे तरंगत होते, एकाला एक चिकटून, पाणी दिसायला जागा नव्हती. कडीवर खाद्याची दोन रिकामी पोती पडली होती. न खाल्लेल्या गोळ्या फुगून कडेला साचल्या होत्या. भरल्या पोटाला हवा जास्त लागते, हे पहिलं वर्ष काढलेल्या कुठल्याही पिंजरेवाल्याला ठाऊक असतं. धाकट्यालाही होतं.

तो होडीत उभा राहून मेलेले मासे टोपलीने उपसत होता. डोळे कोरडे होते. थोरली तिची होडी घेऊन जवळ गेली. तिच्या तोंडात तयार वाक्यं आली, तीन-चार एकदम, एकाहून एक धारदार. पोती भरून विष घातलंस, कोंबड्यांनंतर हात बसलाय, असलीच. तिने ती गिळली. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, पण निदान तेवढा वेळ तिने तो हातात दाबून धरला.

"एवढं कशाला टाकलंस?" तिने विचारलं.

"तू म्हणालीस ना," धाकटा म्हणाला. टोपली थांबली नाही. "आ वासून बसलेत म्हणालीस. मला वाटत होतं नको टाकायला, पाणी बरं दिसत नव्हतं. पण वाटलं, वहिनी स्वतःहून सांगतेय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुला माझ्या माशांची काळजी वाटली. मग मी दोन्ही पोती सोडली."

त्यात आरोप नव्हता. आरोप असता तर थोरलीने तो झेलून परत फेकला असता, त्याचं तिला प्रशिक्षण लागत नव्हतं. तो नुसता सांगत होता. धक्क्यावर चार-पाच जण उभे होते, कुणी हसलं नाही. थोरलीने आयुष्यभर जो हशा मिळवला होता त्यातला एकही तिच्या कामाला येईना. तिला स्वतःची शिसारी आली. एवढी मोठी जीभ, आणि वेळेला तिच्याने चार शब्दांचं एक सरळ वाक्य होऊ नये.

उरलेल्या दोन पिंजऱ्यांत मासे अजून जिवंत होते. त्यांच्यात खाद्य गेलं नव्हतं, पण तेही वर आले होते, तोंडं उघडीच. आभाळ तसंच झाकलेलं, वारा तसाच पडलेला. दुपारपर्यंत ते टिकतील की नाही सांगता येत नव्हतं. धाकटी संध्याकाळच्या गाडीने येणार होती. मधे समजावून सांगायला कुणी नव्हतं.

"ऐक," थोरली म्हणाली. आवाज तिचाच, पण तिलाच ओळखू येईना. "यांना काही टाकू नकोस. माझे दोर मी सोडते, सगळे, ओढून बाहेर नेते, म्हणजे पाणी फिरेल. तू जाळी घासून भोकं मोकळी कर. आणि तुझ्या भावाला पंप आणायला सांग, पाणी उडवायला. पिकाचं माझं मी बघीन."

धाकट्याने टोपली खाली ठेवली. पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या एकेका शब्दावर तो परत जाऊन आला असावा, उलटा-सुलटा करून. मग त्याने विचारलं, अगदी मन लावून, न कळलेलं गणित विचारावं तसं,

"वहिनी, यात टोमणा कुठे आहे?"

"नाहीये."

तो हलला नाही. नेहमीसारखं शेवटचं वाक्य अजून यायचं आहे असं समजून तो तिच्या तोंडाकडे बघत थांबला, आणि पलीकडे मासे तोंडं उघडत आणि मिटत राहिले.